क्रिएटिन, कार्निटिन की एचएमबी? पैसे कशावर घालावेत

जिममध्ये वर्षभर नेटाने वजनं उचलली आणि प्रगतीचा वेग मंदावला, की ट्रेनर किंवा सप्लिमेंटचा दुकानदार तीन नावं पुढे करतो: क्रिएटिन, एल-कार्निटिन आणि एचएमबी. तिन्ही डब्यांवर पिळदार दंडाचं चित्र असतं, तिन्हींच्या मागे संशोधनाचे दाखले असतात आणि तिन्ही एकत्र घेतले तर सवलतही मिळते. गंमत म्हणजे दाखले खोटे नसतात. तिन्ही पदार्थांवर खरोखरच प्रयोग झालेले आहेत. पण प्रयोग झाले असणं आणि त्यातून तुमच्या बेंच प्रेसवर दोन रेप्स वाढणं यांत मोठं अंतर आहे, आणि ग्राहकाचे पैसे नेमके त्या अंतरात जातात.

निवड करताना मी तीन प्रश्न क्रमाने विचारतो. तोंडाने घेतलेला पदार्थ स्नायूपर्यंत पोचून तिथलं प्रमाण वाढवतो का? ते वाढल्याने वजन उचलणाऱ्याच्या कामात फरक पडतो का? आणि हा फरक त्या पदार्थाच्या विक्रीशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळांनाही दिसतो का? क्रिएटिन तिन्ही प्रश्न पार करतं. कार्निटिन पहिल्याच प्रश्नाशी अडखळतं. एचएमबी तिसऱ्याशी अडकतं, आणि तिन्हींत त्याचीच कहाणी सर्वांत गुंतागुंतीची आहे. किमतीचा हिशेब यानंतर करायचा. काम न करणारी वस्तू स्वस्त मिळाली तरी तिचे पैसे वायाच जातात.

क्रिएटिन: काय करतं, किती करतं

क्रिएटिन आपलं शरीर रोज स्वतः बनवतं आणि मांसाहारी माणसाला ते मटण-मासे-चिकनमधूनही मिळतं. साधारण 70 किलोच्या पुरुषाच्या अंगात सुमारे 120 ग्रॅम क्रिएटिन असतं आणि त्यातलं 95 टक्के स्नायूंत असतं. जड सेट मारताना पहिल्या आठ-दहा सेकंदांत स्नायूची तातडीची ऊर्जा, म्हणजे एटीपी, भराभर संपते. ती पुन्हा भरून काढण्याचं काम स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन करतं. साठा जास्त असेल तर सेटच्या शेवटी एखादी रेप जास्त निघते आणि दोन सेटच्या मधल्या विश्रांतीत स्नायू लवकर सावरतो. हे महिनोनमहिने होत राहिलं की एकूण काम वाढतं आणि ताकद त्या कामातून येते.

हा साठा तोंडाने घेतलेल्या पावडरीने वाढतो, हे 1992 मध्ये हॅरिस, सॉडरलंड आणि हल्टमन यांनी स्नायूचे तुकडे काढून तपासून दाखवलं. पुढे 1996 मध्ये हल्टमन यांच्या गटाने डोसचा प्रश्नही सोडवला. रोज 20 ग्रॅम असं सहा दिवस घेतलं तर स्नायूतलं क्रिएटिन सुमारे 20 टक्क्यांनी वाढतं, आणि रोज फक्त 3 ग्रॅम घेतलं तरी महिन्याभरात जवळपास तेवढंच वाढतं. जिममध्ये ज्याला ‘लोडिंग’ म्हणतात त्याचा उपयोग एवढाच, की महिन्याचं काम आठवड्यात होतं. स्पर्धा तोंडावर नसेल तर लोडिंगची गरज नाही. एका वेळी जास्त पावडर घेतली की अनेकांचं पोट बिघडतं आणि डबाही लवकर संपतो.

फरक किती पडतो? 2003 मध्ये रॉसन आणि व्होलेक यांनी 22 अभ्यास एकत्र पाहिले. वजनांच्या व्यायामाबरोबर क्रिएटिन घेणाऱ्यांची ताकद सरासरी 20 टक्क्यांनी वाढली होती, आणि बिनकामाची पावडर घेऊन तोच व्यायाम करणाऱ्यांची 12 टक्क्यांनी. म्हणजे 80 किलोचा स्क्वॉट मारणारा माणूस व्यायामाने नव्वदच्या आसपास पोचला असता, तो क्रिएटिनसह शहाण्णवपर्यंत गेला. ही सरासरी आहे. काहींना यापेक्षा जास्त मिळतं आणि काहींना जवळपास काहीच नाही. ज्यांचे स्नायू आधीच भरलेले असतात, विशेषतः रोज मांस खाणारे, त्यांच्यात जागाच कमी उरलेली असते. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत सुरुवातीचा साठा कमी असतो, म्हणून त्याला सहसा जास्त फायदा दिसतो. आपल्याकडच्या शाकाहारी लिफ्टरसाठी ही फार कामाची गोष्ट आहे, आणि जाहिराती ती क्वचितच सांगतात. मांसाहारी माणसानेही हिशेब करून पाहावा. कच्च्या मटणात किंवा माशात किलोमागे साधारण 3 ते 5 ग्रॅम क्रिएटिन असतं आणि शिजवताना त्यातलं काही कमी होतं. म्हणजे रोजचे 3 ग्रॅम ताटातून मिळवायला अर्ध्या किलोहून जास्त मटण किंवा मासे खावे लागतील.

क्रिएटिनबद्दलही वाढवून सांगितलं जातं आणि ते इथेच सांगायला हवं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजनकाट्यावर अर्धा ते दीड किलो वाढ दिसते. तिला ‘मसल’ म्हणून मिरवू नये, कारण त्यातलं बरंचसं स्नायूंच्या पेशींत गेलेलं पाणी असतं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2025 मध्ये हे नेमकं वेगळं करून पाहिलं. क्रिएटिनच्या गटाला व्यायामाआधी एक आठवडा रोज 5 ग्रॅम दिलं, तेव्हाच चरबीविरहित वजन सुमारे अर्धा किलो वाढलं. त्यानंतरच्या 12 आठवड्यांच्या वजनांच्या व्यायामात मात्र दोन्ही गटांची वाढ सारखीच, सुमारे दोन-दोन किलो निघाली. इतर अनेक अभ्यासांत क्रिएटिनच्या बाजूने किलोभराच्या आसपास फरक दिसतो. मी यातून एवढंच घेतो, की क्रिएटिनची ताकदीबद्दलची बाजू भक्कम आहे आणि स्नायूंच्या आकाराबद्दलची बाजू खरी पण बेताची आहे. दंड दोन इंचांनी वाढवण्याचं आश्वासन देऊन कोणी डबा विकत असेल तर ते आश्वासन त्याच्या पदरचं आहे.

तरीही तिन्हींत हाच पदार्थ वर का, तर वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळांनी तीस वर्षं त्याला तपासलं आणि फायदा पुन्हा पुन्हा दिसला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2018 मध्ये तज्ज्ञांचं एकमत प्रसिद्ध केलं. कामगिरीला थेट मदत करतात असा चांगला पुरावा ज्यांच्याबद्दल आहे, अशी पाचच नावं त्यात होती: कॅफिन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अलानिन आणि बायकार्बोनेट. कार्निटिन आणि एचएमबी त्या पाचांत नाहीत. युरोपीय संघानेही रोज 3 ग्रॅम क्रिएटिन घेतल्यास थोड्या वेळाच्या, जोरकस, लागोपाठच्या व्यायामात कामगिरी वाढते, असं डब्यावर छापायला परवानगी दिली आहे. अशी परवानगी तिथे सहजासहजी मिळत नाही.

कार्निटिन स्नायूत पोचत नाही, त्याचं काय

कार्निटिनचं शरीरातलं काम खरं आहे. लांब साखळीची चरबीची आम्लं पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियापर्यंत, म्हणजे जिथे ती जळतात तिथपर्यंत, नेणारा हा हमाल आहे. यावरून विक्रीचा युक्तिवाद असा केला जातो: हमाल वाढवा, माल जास्त जळेल, चरबी उतरेल. पण निरोगी माणसाच्या स्नायूंत हमाल पुरेसे असतात, आणि बाहेरून पाठवलेले नवे हमाल स्नायूच्या दारातून सहजासहजी आत येत नाहीत. गोळी किंवा सिरप रूपातल्या कार्निटिनचा जेमतेम 5 ते 18 टक्के भाग रक्तात शोषला जातो. तो रक्तात आल्यावरही मूत्रपिंडं जास्तीचं कार्निटिन पटकन बाहेर टाकतात. 1990 च्या दशकात स्नायूचे तुकडे तपासून झालेल्या प्रयोगांत, दोन-दोन आठवडे रोज कित्येक ग्रॅम कार्निटिन घेतल्यावरही स्नायूतलं प्रमाण हललं नाही.

मग नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी एक वाट काढली. इन्सुलिन वाढलेलं असताना स्नायू कार्निटिन आत घेतो, हे त्यांनी ओळखलं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात 14 पुरुष होते. एका गटाला दिवसातून दोनदा 80 ग्रॅम कर्बोदकांबरोबर 2 ग्रॅम कार्निटिन टार्ट्रेट दिलं, आणि हे 24 आठवडे चाललं. तेव्हा कुठे स्नायूतलं कार्निटिन 21 टक्क्यांनी वाढलं आणि सायकलवरच्या अर्ध्या तासाच्या चाचणीत त्यांनी जास्त काम केलं.

दुकानदार याच अभ्यासाचं नाव घेऊन सिरपची बाटली पुढे करतो, म्हणून त्याचा घरगुती हिशेब मांडायला हवा. दोनदा 80 म्हणजे रोज 160 ग्रॅम कर्बोदकं, तीही झटपट शोषली जाणारी. साखरेच्या मापात 24 आठवड्यांची ही बेरीज सुमारे 27 किलो होते. रोजच्या 640 कॅलरी केवळ त्या पेयातून येतील. चरबी उतरवण्यासाठी सिरप घेणाऱ्या माणसाला हे सांगितलं तर तो बाटली परत ठेवेल. आणि एवढं करून जे हाती आलं ते सायकल चालवण्याच्या दमाबद्दल होतं. बेंच प्रेस, डेडलिफ्ट किंवा स्नायूंच्या घेराबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही.

शाकाहारी लोकांच्या रक्तात कार्निटिन कमी असतं, म्हणून त्यांना तरी ते लागू पडेल असं वाटू शकतं. स्वित्झर्लंडमध्ये 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शाकाहारी पुरुषांना 12 आठवडे रोज 2 ग्रॅम दिलं. त्यांच्या स्नायूतलं कार्निटिन थोडं वाढलं, पण स्नायूच्या कामात आणि कामगिरीत फरक पडला नाही. व्यायामानंतरची अंगदुखी कमी होते असे काही छोटे अभ्यास आहेत. जाड व्यक्तींत वजन सरासरी किलो-सव्वा किलोने जास्त उतरल्याचंही एकत्रित विश्लेषणांत दिसतं. ज्यांना कार्निटिनच्या कमतरतेचा जन्मजात आजार आहे किंवा जे डायलिसिसवर आहेत, त्यांच्यासाठी ते औषध आहे आणि डॉक्टर ते देतात. यातलं काहीच ताकद वाढवायला निघालेल्या निरोगी लिफ्टरच्या उपयोगाचं नाही. जिममध्ये कोणी कार्निटिनचं इंजेक्शन सुचवलं तर सरळ नकार द्यावा. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी, थायरॉइडच्या रुग्णांनी आणि फिट्सचा त्रास असलेल्यांनी तर गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

एचएमबीची गोष्ट

ल्युसिन हे प्रथिनांतलं अमिनो आम्ल शरीरात मोडताना त्याच्या सुमारे 5 टक्क्यांचं एचएमबी बनतं. अभ्यासांत वापरलेला डोस रोज 3 ग्रॅम आहे. अन्नातून एवढं मिळवायचं तर 60 ग्रॅम ल्युसिन खावं लागेल, जे शक्य नाही. म्हणून वेगळी कॅप्सूल घ्या, असा विक्रीचा मुद्दा आहे.

1996 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातले स्टीव्हन निसन आणि सहकाऱ्यांनी पहिला गाजलेला अभ्यास छापला. तीन आठवड्यांच्या वजनांच्या व्यायामात एचएमबी घेणाऱ्यांचे स्नायू कमी मोडले आणि ताकद जास्त वाढली. 2003 मध्ये निसन आणि शार्प यांनी अनेक सप्लिमेंटचं एकत्रित विश्लेषण केलं. त्यांचा निष्कर्ष असा, की स्नायू आणि ताकद या दोन्हींसाठी पुरेसा पुरावा फक्त क्रिएटिन आणि एचएमबी यांच्याकडे आहे. ‘एचएमबी क्रिएटिनच्याच तोडीचं’ हे वाक्य आजही ऐकू येतं, त्याचं मूळ इथे आहे. वाक्य ऐकवणाऱ्याने दुसरी बाजूही सांगायला हवी. निसन यांनीच एचएमबीच्या व्यापारासाठी कंपनी स्थापन केली होती आणि त्याच्या पेटंटशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. संबंध जाहीर असले की संशोधन आपोआप खोटं ठरत नाही. पण अशा वेळी दुसऱ्या कोणीतरी तोच प्रयोग करून तोच निकाल आणणं अत्यावश्यक होतं.

खरी खळबळ 2014 मध्ये उडाली. विल्सन आणि सहकाऱ्यांच्या 12 आठवड्यांच्या अभ्यासात, आधीपासून वजनं उचलणाऱ्या पुरुषांनी एचएमबीच्या फ्री ॲसिड रूपावर 7.4 किलो चरबीविरहित वजन कमावल्याचं छापून आलं. बिनकामाची गोळी घेणाऱ्यांची वाढ 2.1 किलो होती. ज्याने तीन-चार वर्षं जिम केलं आहे त्याने स्वतःला विचारावं, तीन महिन्यांत सात किलो स्नायू कधी आले होते का? मुरलेल्या लिफ्टरला वर्षभरात दोन किलो मिळाले तरी ते चांगलं वर्ष. या आकड्यांवर इतर संशोधकांनी जाहीर आक्षेप घेतले, आकडेवारीतल्या विसंगती छापून दाखवल्या, आणि मग स्वतंत्र प्रयोग झाले.

त्यातले दोन 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात जाकुबोव्स्की आणि सहकाऱ्यांनी तरुण पुरुषांकडून 12 आठवडे तसाच कठोर व्यायाम करून घेतला. एका गटाच्या व्हेमध्ये एचएमबी मिसळलं, दुसऱ्याच्या व्हेमध्ये ल्युसिन. दोघांची वाढ सारखीच निघाली आणि ती साध्या माणसाच्या वाढीएवढी होती. टेशेरा आणि सहकाऱ्यांनी एचएमबीची दोन्ही रूपं, कॅल्शियमचं आणि फ्री ॲसिडचं, बिनकामाच्या गोळीशी ताडून पाहिली. ताकदीत किंवा स्नायूच्या जाडीत काही फरक पडला नाही. प्रशिक्षित खेळाडूंवरच्या अभ्यासांची एकत्रित विश्लेषणंही याच बाजूला झुकतात.

म्हणून पोटभर प्रथिनं खाणाऱ्या, नियमित व्यायाम करणाऱ्या तरुणासाठी एचएमबीवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. शस्त्रक्रियेनंतर किंवा आजारपणात अंथरुणाला खिळलेल्या वयस्कर माणसाचे स्नायू झपाट्याने झडतात. अंथरुणात पडून राहिलेल्या निरोगी वयस्करांत एचएमबीने झड कमी झाल्याचं 2013 च्या एका छोट्या अभ्यासात दिसलं, जरी तोही पोषण-पेयं विकणाऱ्या कंपनीच्या पैशाने झाला होता. ज्येष्ठांसाठीच्या पावडरींत एचएमबी दिसतं ते यामुळे. आजीला उपयोगी पडू शकेल ते नातवाच्या डेडलिफ्टला उपयोगी पडेलच असं नाही.

आता खिशाचा हिशेब

डब्याची छापील किंमत फसवी असते, कारण डबे वेगवेगळ्या आकाराचे असतात आणि ‘सर्व्हिंग’ कंपनी आपल्या सोयीने ठरवते. नेमका हिशेब असा: डब्याची किंमत भागिले त्यातल्या मूळ पदार्थाचे एकूण ग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा भाव. त्याला अभ्यासात वापरलेल्या रोजच्या डोसने गुणलं की दिवसाचा खर्च कळतो. किमती सारख्या हलतात, म्हणून इथे हिशेबापुरते गोल आकडे धरतो. तुमच्या समोरच्या डब्याचे आकडे घालून तोच हिशेब करा.

समजा पुण्यात पेइंग गेस्ट म्हणून राहणारा 24 वर्षांचा तरुण आहे. वजन 68 किलो, शाकाहारी, दीड वर्ष जिम, बेंच प्रेस 60 किलोवर आठ रेप्स. मेसचं जेवण आणि व्हेचा डबा सोडून महिन्याला जास्तीत जास्त 1,500 रुपये तो घालू शकतो. त्याला तिघांचा ‘स्टॅक’ सुचवला गेला आहे.

साध्या क्रिएटिन मोनोहायड्रेटचा 250 ग्रॅमचा डबा 800 रुपयांना धरला तर ग्रॅमचा भाव 3 रुपये 20 पैसे होतो. रोज 3 ग्रॅम घेतले तर दिवसाला 10 रुपयांच्या आत, महिन्याला सुमारे 290 रुपये, आणि डबा 83 दिवस पुरतो. वजन ऐंशी-नव्वद किलो असेल तर 5 ग्रॅम घ्यावं. तेव्हा दिवसाला 16 रुपये आणि महिन्याला 480.

एचएमबीच्या एक-एक ग्रॅमच्या 90 कॅप्सूल 2,000 रुपयांना धरल्या, तर 3 ग्रॅमच्या डोसने बाटली बरोबर महिनाभर चालते. म्हणजे खर्च क्रिएटिनच्या जवळपास सातपट. अनेक जण पैसे वाचवायला दिवसाला एकच कॅप्सूल घेतात. तेव्हा खर्च घटतो, पण डोस अभ्यासातल्या डोसच्या एक तृतीयांश राहतो.

कार्निटिनच्या बाटलीत एक-एक ग्रॅमचे 30 डोस आणि किंमत 900 रुपये धरू, म्हणजे ग्रॅमला 30 रुपये. नॉटिंगहॅमच्या प्रयोगातल्या 4 ग्रॅम टार्ट्रेटमध्ये प्रत्यक्ष कार्निटिन सुमारे 2.7 ग्रॅम होतं. तेवढं घ्यायचं तर दिवसाला 81 रुपये, महिन्याला 2,430, आणि 24 आठवड्यांना साडेतेरा हजारांवर. साखर वेगळी. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे रोज एक झाकण घेणारा महिन्याला 900 रुपये देतो, पण त्याच्या स्नायूतलं कार्निटिन वाढल्याचं दाखवणारा आधार त्याच्यापाशी नसतो.

आपल्या तरुणाने क्रिएटिन घ्यावं आणि उरलेले बाराशे रुपये दूध, पनीर, डाळ, सोयाबीनवर किंवा व्हेवर घालावेत. दिवसाची प्रथिनं वजनाच्या किलोमागे 1.6 ग्रॅम, म्हणजे त्याच्यासाठी सुमारे 110 ग्रॅम, होत नसतील तर ती उणीव आधी भरावी. मेसच्या शाकाहारी थाळीवर ती बहुधा असतेच.

डबा निवडताना

लेबलवर ‘क्रिएटिन मोनोहायड्रेट’ एवढं एकच घटक-नाव असेल तो डबा उत्तम. हायड्रोक्लोराइड, बफर केलेलं, इथाइल एस्टर अशी महाग रूपं मोनोहायड्रेटपेक्षा सरस ठरलेली नाहीत. इथाइल एस्टर तर तपासणीत उणंच पडलं. पाण्यात विरघळवून ठेवलेलं क्रिएटिन हळूहळू क्रिएटिनिन या निरुपयोगी पदार्थात बदलतं, म्हणून द्रवरूप बाटली घेऊ नये आणि पावडर मिसळली की लवकर प्यावी. प्री-वर्कआउटच्या डब्यात ‘खास मिश्रण’ म्हणून दहा घटकांची एकत्र बेरीज लिहिलेली असेल आणि क्रिएटिन नेमकं किती ते सांगितलं नसेल, तर ते क्रिएटिन म्हणून मोजू नये.

डब्यावर एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक हवा. आयात मालावर आयातदाराचं नाव आणि पत्ताही हवा. क्रमांक एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर टाकून कंपनीचं नाव जुळतं का ते पाहावं. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी बॅचनिहाय तपासणीचं, इन्फॉर्म्ड स्पोर्टसारखं चिन्ह असलेलाच डबा घ्यावा. क्रिएटिनवर बंदी नाही, पण भेसळीतून आलेल्या बंदी असलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूवरच येते. सील तुटलेलं असेल किंवा माल बनावट वाटला तर बिल आणि डबा जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते.

घेतल्यावर काय पाहायचं

वेळेची चिंता करू नये. व्यायामाआधी, नंतर, सकाळी, कधीही चालतं, पण सुट्टीच्या दिवशीही घ्यायचं. सुरू करण्याआधी दोन आठवड्यांची नोंद ठेवा: सकाळचं वजन, आणि ठरावीक वजनावर शेवटच्या सेटला किती रेप्स निघाल्या. रोज 3 ग्रॅम घेऊन चार आठवडे झाले की तीच नोंद पुन्हा तपासा. आपल्या तरुणाला 60 किलोवर तिसऱ्या सेटला सहा रेप्स निघत असतील आणि आता सात-आठ निघत असतील, तर क्रिएटिन लागू पडतंय असं मानायला हरकत नाही. मात्र या काळात झोप, जेवण आणि व्यायामाचा आराखडा बदललेला नसावा. तीन महिन्यांत वजनही हललं नाही आणि रेप्सही नाहीत, तर तो कमी प्रतिसाद देणाऱ्यांपैकी असू शकतो. त्याने नवा डबा घेऊ नये.

एक गोंधळ आपल्याकडे फार होतो. कंपनीच्या आरोग्य तपासणीत किंवा लॅबच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं येतं, अहवालात आकडा लाल दिसतो आणि घरचे किडनी बिघडली म्हणून घाबरतात. क्रिएटिनिन हा क्रिएटिनचा रोजचा टाकाऊ अवशेष आहे. स्नायू जास्त असलेल्या आणि क्रिएटिन घेणाऱ्या माणसात तो किडनी ठणठणीत असतानाही थोडा जास्त येऊ शकतो. किडनीच्या कामाचा अंदाज सांगणारा ईजीएफआर हा आकडा त्याच क्रिएटिनिनवरून काढलेला असतो, म्हणून तोही खाली दिसतो. निरोगी लोकांवरच्या अभ्यासांत नेहमीच्या डोसने किडनीला इजा झालेली दिसलेली नाही. तरी अहवाल दुर्लक्षून चालत नाही, कारण आकडा खऱ्या आजारामुळेही वाढू शकतो. डॉक्टरांना क्रिएटिन घेत असल्याचं आणि आदल्या दिवशी जड व्यायाम केल्याचं आधीच सांगावं, आणि सिस्टाटिन-सी ही रक्ताची आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी करावी का ते विचारावं. सिस्टाटिन-सी क्रिएटिनवर अवलंबून नसतं. पावडर बंद केली तर स्नायूंतला जादा साठा उतरायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून दोन दिवस बंद ठेवून केलेल्या फेरतपासणीवर विसंबू नये.

किडनीचा आजार आधीपासून असेल, दोन्ही किडन्यांपैकी एकच असेल, किंवा किडनीवर परिणाम करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय क्रिएटिन सुरू करू नये. अठरा वर्षांखालच्या मुलांनाही ते ट्रेनरच्या सांगण्यावरून देऊ नये.

केस गळण्याची भीती अनेकांना असते. तिचं मूळ दक्षिण आफ्रिकेतल्या रग्बी खेळाडूंवरच्या 2009 च्या एका छोट्या अभ्यासात आहे. त्यात डीएचटी हे हार्मोन वाढलेलं दिसलं होतं, पण केस कोणी मोजलेच नव्हते. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 12 आठवड्यांच्या प्रयोगात केस प्रत्यक्ष तपासले, आणि क्रिएटिन घेणाऱ्यांत व न घेणाऱ्यांत फरक आढळला नाही.